देणगीदाराने खास डायलिसिस मशीनसाठी ४ लाख दिलेत. ट्रस्टला वेगळं बँक खातं काढावंच लागतं का, की टॅलीत वेगळं लेजर केलं की पुरतं?

देणगी भारतातलीच असेल तर वेगळं खातं काढायची सक्ती नाही. पण नुसतं लेजर पुरतं म्हणणाऱ्याचं ऐकू नका, आमच्याकडे लेजर होतं आणि पैसे नव्हते.

मी एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालय ट्रस्टचा खजिनदार आहे. बँकेतून रिटायर झालो आणि "तुम्हाला हिशेब कळतो" म्हणून एप्रिलमध्ये गळ्यात पडलं. आधीच्या ऑक्टोबरात एका निवृत्त शिक्षिका बाईंनी मिस्टरांच्या स्मरणार्थ ६ लाखांचा चेक दिला होता, सोबत निळ्या शाईत दीड पानाचं पत्र, त्यात स्पष्ट लिहिलेलं की ही रक्कम मुलींच्या अभ्यासिकेसाठीच वापरावी. पत्र फाइलला लागलं. पावती फाडली त्यावर छापलेलं "देणगी", बस. उद्देश कोणी लिहिलाच नाही, आणि अकाउंटंट पत्र बघत नाही हो, तो पावतीचं स्थळप्रत बुक बघतो. त्याने सहा लाख "देणगी खाते" म्हणून सरळ उत्पन्नात टाकले.

आता गंमत बघा. त्या वर्षी वर्गणी, हॉलचं भाडं आणि अनुदानाचा पहिला हप्ता मिळून जमा ३,२०,०००. खर्च ५ लाख. म्हणजे १,८०,००० ची तूट. पण बाईंचे सहा लाख उत्पन्नात धरले की ४,२०,००० वाढावा दिसतो! चेक आल्यापासून हे सहा लाख सगळ्यांच्या डोक्यात होते, म्हणून दिवाळीला बोनस झाला, इमारतीला रंग झाला, ८५ हजारांचा.

मी आलो तेव्हा ऑडिट व्हायचं होतं, त्यामुळे ३१ मार्चच्या तारखेने दुरुस्तीची नोंद करता आली. देणगी खाते नावे, मुलींची अभ्यासिका निधी जमा, ६ लाख. धर्मादायच्या ताळेबंदाच्या नमुन्यात (परिशिष्ट आठ) देणे बाजूला ट्रस्ट फंडाच्या खाली इतर राखीव निधींची जागाच आहे, तिथे तो गेला. ऑडिटर खूश. तुम्ही ज्याला वेगळं लेजर म्हणता ते हेच.

मग मी पासबुक उघडलं. वर्षाच्या सुरुवातीला १,१०,००० होते, अधिक सहा लाख, अधिक ३,२०,०००, वजा पाच लाख, शिल्लक ५,३०,०००. निधी सहा लाखांचा आणि संस्थेच्या सगळ्या खात्यांत मिळून पैसे ५,३०,०००. म्हणजे सर्वसाधारण पैसा उणे सत्तर हजार, आणि आपण पगार करतोय तो बाईंच्या पैशातून. ऑगस्टपर्यंत शिल्लक ३,४०,००० वर आली, कारण अनुदानाचा दुसरा हप्ता आला नव्हता. खड्डा २,६०,००० चा.

त्याच महिन्यात मिस्टरांच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी बाई आल्या. रंग दिलेल्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, "छान झालंय. अभ्यासिका कुठल्या खोलीत करताय?" आमच्या सचिवांनी त्यांना चहा पाजला आणि पावसाळ्यानंतर काम सुरू करतो म्हणून सांगितलं. मी तिथेच बसलो होतो आणि काही बोललो नाही, ते अजून टोचतं.

त्या गेल्यावर आमची जुंपली. सचिवांचं म्हणणं, पैशाला काय रंग असतो का, सगळा संस्थेचाच आहे, एका खिशातला दुसऱ्या खिशात, हप्ता आला की भरून टाकू. टॅलीत "सर्वसाधारण निधीकडून येणे" अशी एक नोंद टाका म्हणजे झालं. मी म्हटलं नोंद टाकली तर आपण काय केलं ते दिसेल, पण त्याने परवानगी मिळत नाही. देणगीदाराने एका कामासाठी दिलेले पैसे दुसऱ्या कामाला उसने घ्यायचे तर निदान त्यांना लेखी विचारा. त्यांना विचारायची कोणाची हिंमत नव्हती, यातच सगळं आलं ना.

ऑक्टोबरात हप्ता आला, दोन लाख. सचिव म्हणाले, "बघा, आला ना पैसा, टाका निधीत!" पण अनुदानालाही स्वतःचा उद्देश असतो. त्यातले एक लाख पगाराचे, आणि ते पगार आपण आधीच बाईंच्या पैशातून दिलेले, म्हणून तेवढे परत टाकणं बरोबर. उरलेले एक लाख पुस्तकं वगैरेचे, ते निधीत टाकले तर एक खड्डा बुजवायला दुसरा खणला. आणि रंगाचे ८५ हजार, बोनस, याला तर कुठलंच अनुदान नाही. खड्डा बुजवायचा तर ज्यावर कोणाची अट नाही त्याच पैशातून. आमच्याकडे तसा पैसा म्हणजे हॉलचं भाडं. महिन्याला दहा-बारा हजार बाजूला टाकत उरलेले १,६०,००० भरायला चौदा महिने लागले. अभ्यासिका झाली, पण दोन वर्षांत फर्निचर महागलं आणि वीस टेबलांच्या जागी सोळा बसली. सचिव अजूनही म्हणतात शेवटी झालं ना काम, मग बिघडलं काय. चार टेबलं बिघडलं, साहेब.

तर तुमचं मशीन. चेक वटला की त्याच आठवड्यात चार लाखांची एफडी करा आणि पावतीवर निधीचं नाव लिहून फाइलला लावा. महिनाभरात खरेदी करायची असेल तर वेगळं बचत खातं बरं. दर महिन्याला सगळ्या राखीव निधींची बेरीज आणि सगळी बँक अधिक एफडी शेजारी शेजारी लिहायची. दुसरा आकडा लहान झाला की त्या दिवशीच सभेत सांगायचं, मार्चची वाट बघायची नाही. व्याज कोणाचं हे पत्रात नसेल तर मी निधीतच धरतो. मशीन आलं की ते मालमत्तेत जातं आणि निधीची तेवढी रक्कम भांडवली निधीकडे वर्ग करायची, नाहीतर पैसे संपूनही ताळेबंदात चार लाखांचा निधी शिल्लक दिसत राहतो. आणि मशीनचं एएमसी, फिल्टर, टेक्निशियनचा पगार त्या चार लाखांत बसतो का हे पत्रात बघा, "मशीनसाठी" एवढंच लिहिलं असेल तर माझ्या मते नाही बसत.

हां, हे सगळं देणगीदाराने अट घातलेल्या पैशाबद्दल. कमिटीने स्वतःच ठराव करून काही रक्कम बाजूला ठेवली असेल तर ती ठरावाने परत सर्वसाधारणमध्ये आणता येते, दोन्ही एकाच नावाखाली ठेवू नका. कॉर्पस म्हणून दिलेले असतील तर इन्कम टॅक्सचे नियम वेगळे, कॉर्पससाठी असल्याचं लेखी लागतं आणि ठरलेल्या ठिकाणीच गुंतवावे लागतात, सीएला विचारा. परदेशातून आले असतील तर एफसीआरएचं खातं वेगळंच लागतं, तिथे माझं उत्तर धरू नका. आणि मशीन घेणंच रद्द झालं तर आपणच ठराव करून पैसे दुसरीकडे वळवू नका, देणगीदार हयात आहेत तोवर त्यांच्याकडून नवीन पत्र घ्या.

पावती फाडली का अजून? नसेल फाडली तर "डायलिसिस मशीनसाठी" हे शब्द हाताने का होईना लिहा, आणि स्थळप्रतीवर उमटलेत का ते बघा, आमचा कार्बन नेमका तिथेच फिका होता.