जिन्यावरच्या गालिच्याची लांबी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जिन्यावर अंथरायच्या लांबट गालिच्याबद्दल, म्हणजे रनरबद्दल, येणाऱ्या बहुतेक पत्रांचे मूळ एकच असते: मागवलेला माल वरच्या पायरीपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे निवडक प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

आमच्या जिन्याला 15 पायऱ्या आहेत. दुकानदार म्हणतो, पायरीला दीड फूट धरा, साडेबावीस फुटांत काम होईल. हे बरोबर आहे का?

नाही. पण हा आकडा कोठून येतो हे पाहण्यासारखे आहे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार निवासी इमारतीत पायरीची रुंदी, म्हणजे ट्रेड, नोझिंग न धरता किमान 250 मि.मी. आणि उभा भाग, म्हणजे रायझर, जास्तीत जास्त 190 मि.मी. असावा लागतो. दोन्हींची बेरीज 440 मि.मी., म्हणजे सव्वासतरा इंचांच्या आसपास होते. त्यावर पाऊण इंच चढवून कोणीतरी दीड फूट केले आणि ते तोंडोतोंडी पसरले. ज्या जिन्याच्या पायरीला पुढे आलेली कड नाही, तेथे हा अंदाज कदाचित जवळपास जाईल. परंतु आपल्याकडे पायऱ्यांवर ग्रॅनाइट, कोटा किंवा संगमरवर बसवताना फरशीची कड रायझरच्या पुढे पाऊण ते एक इंच काढण्याची पद्धत आहे. तीच नोझिंग, आणि हिशेब बहुधा तिथेच बिघडतो.

तुमच्या जिन्याची मापे अशी आहेत असे समजू: रायझरपासून रायझरपर्यंत 10 इंच, नोझिंग 1 इंच, उंची 7 इंच. पायरीवर उभे राहून मागच्या रायझरपासून पुढच्या कडेपर्यंत टेप धरली, तर ट्रेड 10 नव्हे, 11 इंच भरतो. गालिचा हे अकरा इंच झाकतो, कडेवरून खाली वळतो, कडेच्या पोटाखालून 1 इंच आत जातो आणि मग रायझरला चिकटून उतरतो. म्हणजे एका पायरीमागे 11 अधिक 1 अधिक 7, असे 19 इंच. दीड फुटाच्या हिशेबात प्रत्येक पायरीला एक इंच कमी पडला, तो येथे.

दुसरी चूक मोजणीची. पाय ठेवायच्या पायऱ्या 15 असतील, तर रायझर 16 असतात, कारण शेवटचा रायझर चढून आपण वरच्या मजल्याच्या फरशीवर पाय ठेवतो आणि तिला कोणी पायरी म्हणत नाही. म्हणून 15 गुणिले 19, म्हणजे 285 इंच, अधिक शेवटच्या रायझरचे 7 इंच, असे 292 इंच होतात. हे वरच्या मजल्याच्या नोझिंगखाली थांबणाऱ्या रनरचे माप आहे आणि त्यात दुमडीची माया अजून धरलेलीच नाही. साडेबावीस फूट म्हणजे 270 इंच. बावीस इंचांची तूट गालिचा ताणून भरून निघत नाही. तसे सांगणाऱ्या फिटरला काम देऊ नये.

कारागीर गालिचा नोझिंगखाली न वळवता कडेवरून थेट खालच्या पायरीच्या कोपऱ्यात सोडणार असेल, तर पायरीमागे 18 इंचांहून किंचित जास्त लागते आणि पंधरा पायऱ्यांत सुमारे 14 इंच वाचतात. मात्र कडेखाली पोकळी राहते आणि तेथे पाऊल रोवले की गालिचा सैल होऊ लागतो. कोणती पद्धत वापरायची ते माल मागवण्याआधी ठरवावे आणि कारागिराकडून लिहून घ्यावे.

आता सर्वांत महत्त्वाचे: एकच पायरी मोजून पंधराने गुणू नये. जिना आधी ओतला जातो आणि तळमजल्याची फरशी नंतर बसते, त्यामुळे पहिला रायझर पुष्कळदा इतरांपेक्षा एक-दीड इंच बुटका निघतो. वरच्या मजल्यावर नंतर लाद्या बदलल्या असतील, तर शेवटचा उंच निघतो. मधल्या पायऱ्यांतही दोन-चार सुतांचा फरक सहज सापडतो. लोखंडी टेप कोपऱ्यात नीट बसत नाही, म्हणून न ताणणारी सुती नाडी घ्यावी, तळाच्या फरशीपासून प्रत्येक कोपऱ्यात बोटाने दाबत आणि प्रत्येक कडेखाली वळवत वरपर्यंत न्यावी आणि मग तिची लांबी मोजावी. हे जिन्याच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंनी करावे व मोठे माप धरावे. नाडीचे माप आणि गुणाकार यांत चार इंचांहून जास्त फरक आला, तर कापण्याआधी फिटरला घरी बोलावून त्याच्याकडून पुन्हा मोजून घ्यावे.

दुमडीसाठी किती माया ठेवावी? नेट चार इंच सांगते, फिटर एक फूट मागतो.

फिटर योग्य मागतो आहे. मात्र तो गालिचा चिकटवणार नसेल तरच. टोके आत दुमडण्यापुरती दोन्हीकडे दोन-दोन इंच माया पुरते. पण जिन्यावरचा गालिचा सर्वांत आधी नोझिंगवरच्या पट्ट्यात झिजतो. माया जास्त असेल, तर काही वर्षांनी रनर दोन-तीन इंच वर किंवा खाली सरकवता येतो आणि झिजलेला पट्टा कडेवरून हटून ताजा भाग तेथे येतो. त्यासाठी 12 इंच ठेवावेत: सहा इंच सर्वांत खालच्या रायझरवर आणि सहा सर्वांत वरच्या रायझरवर, गालिच्याच्या मागे सपाट दुमडलेले. सात इंचांच्या रायझरमागे सहा इंचांची दुमड बसते, त्याहून मोठी बसत नाही. ही दुमड कधीही पायरीच्या आडव्या भागावर घेऊ नये. तेथे फुगवटा येतो आणि उतरताना टाच अडकते.

वरच्या उदाहरणात 292 अधिक 12, म्हणजे 304 इंच झाले. टोके काटकोनात कापून सरळ करण्यासाठी 4 इंच धरले की 308 होतात, म्हणून 26 फूट मागवावे. रनर दगडावर गोंदाने चिकटवायचा असेल, तर तो पुढे सरकवता येणार नाही आणि ही जास्तीची माया वाया जाईल. नुसता गोंद किती काळ धरेल, हे दगडाच्या पॉलिशवरही अवलंबून असते, म्हणून तो निर्णय दगड पाहिल्याशिवाय घेऊ नये.

तीन फुटी जिन्याला 27 इंचांचा रनर चालेल का?

चालेल, दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार इंच दगड दिसेल.

दुकानात 27 इंचांचा रनर नाही. बारा फुटी रुंद रोलमधून पट्ट्या कापून, जोडून देतो म्हणतात. घ्यावे का?

घेता येईल, पण पट्ट्या कोणत्या दिशेने कापणार हे आधी विचारावे. गालिच्याच्या लवेला दिशा असते. तळहात एका बाजूने फिरवला की ती गुळगुळीत लागते, उलट फिरवला की उभी राहते आणि रंग गडद दिसतो. जिन्यावर हात वरून खाली फिरवताना ती गुळगुळीत लागली पाहिजे. तशी ती लागली, तर नोझिंगच्या वळणावर लव खाली झुकते आणि मागची वीण झाकली जाते; उलट किंवा आडवी असेल, तर कडेवर वीण उघडी पडते.

दुकानदाराचा मोह असा असतो. रोलच्या रुंदीत आडव्या कापल्या, तर 12 फुटी तीन पट्ट्यांत जिना भागतो आणि रोलमधले पावणेसात फूटच खर्ची पडतात. लवेच्या दिशेने उभ्या कापल्या, तर पाच-पाच पायऱ्यांच्या तीन पट्ट्या कराव्या लागतात. मधल्या पट्टीला 95 इंच, सर्वांत खालच्या पट्टीला दुमड धरून 101 इंच, आणि सर्वांत वरच्या पट्टीला शेवटचा रायझर व दुमड धरून 108 इंच. सरळ कापण्याची सोय धरता रोलमधून साडेनऊ फूट उलगडावे लागतात. हा फरक पाहून काही जण आडव्या पट्ट्या खपवतात आणि ‘लवेने काही फरक पडत नाही’ असे बेधडक सांगतात. पडतो. दुकानातच रोलच्या पाठीवर खडूने लवेच्या दिशेचे बाण काढून घ्यावेत आणि पट्ट्या मिळाल्यावर ते बाण तपासावेत. उभ्या पट्ट्यांत एक-दोन उरतील. बिल पूर्ण तुकड्याचे लागणार असेल, तर उरलेल्या पट्ट्याही मागून घ्याव्यात.

जोड फक्त ट्रेड आणि वरचा रायझर मिळतात त्या कोपऱ्यात यावा. पायरीच्या मध्यावर किंवा कडेवर आलेला जोड मी पास करत नाही. कापलेल्या लांब कडांना बाइंडिंग करून घ्यावे लागेल. त्याचा खर्च आधीच विचारावा, कारण तो बहुधा बिलाच्या शेवटी उगवतो.

अर्ध्या जिन्यावर लँडिंग आहे आणि तिथून जिना उलट वळतो. एकच रनर मागवू का?

दोन्ही भाग वेगळे मोजावेत. प्रत्येक भागाचे रायझर ट्रेडपेक्षा एकाने जास्त असतील आणि प्रत्येकाला स्वतःची माया लागेल. लँडिंगचा तुकडा स्वतंत्र. तिन्ही तुकडे एकाच रोलमधून घ्यावेत आणि लँडिंगवर लव कोणत्या दिशेने ठेवायची ते फिटरला जागेवर ठरवू द्यावे.

खाली अंडरले टाकल्याने लांबी वाढते का?

वाढते. सहा मि.मी.चा अंडरले नोझिंगवर गुंडाळला, तर कड तेवढीच पुढे येते आणि गालिच्याला तितकेच परतही यावे लागते. पायरीमागे सुमारे अर्धा इंच धरावा. वरच्या उदाहरणात हे साडेसात इंच होतात, तेव्हा 26 ऐवजी साडेसव्वीस फूट मागवावे. अंडरले पायरीगणिक वेगळा, रनरपेक्षा दोन्ही बाजूंनी एकेक इंच अरुंद कापावा.

वळणावरच्या तीन पायऱ्या त्रिकोणी आहेत. त्यांचे माप मध्यभागी घ्यावे का?

मध्यभागी घेऊ नये. अशा पायरीवर रनरची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा बरीच जास्त अंतर कापते, म्हणून माप बाहेरच्या कडेने घ्यावे लागते. सरळ पट्टी तेथे वळत नाही. आतल्या बाजूला साचणारा जास्तीचा गालिचा रायझरवर चुणी घालून जिरवावा लागतो, नाहीतर प्रत्येक पायरीचा तुकडा वेगळा कापावा लागतो. दोन्हींसाठी जाड कागद पायरीवर ठेवून रनरच्या दोन्ही कडा त्यावर आखाव्यात, कागद तसाच कापावा आणि त्यावर पायरीचा क्रमांक व ‘वरची बाजू’ असे लिहावे. हे कागद घेऊन फिटरकडे जावे आणि त्याने ते तुमच्या जिन्यावर स्वतः ठेवून पाहिल्याशिवाय माल कापू देऊ नये.