कोकणच्या नकाशात सगळा रंग मुंबईच खाते तेव्हा

प्रश्न: कोकणातल्या जिल्ह्यांची लोकसंख्येची घनता नकाशावर रंग भरून एकाच स्लाइडवर दाखवायची आहे. आकडे २०११ च्या जनगणनेचे आहेत. एक्सेलमध्ये केलं तर मुंबई गडद येते, बाकी सगळं पांढरट दिसतं आणि पालघर रिकामंच राहतं. काय करू?

उत्तर:

यात दोन वेगळी दुखणी आहेत. रंगाचं दुखणं आकड्यांमधल्या अंतरातून आलंय आणि पालघरचं जनगणनेच्या वर्षातून. पालघर आधी घेऊ, कारण ते सुटल्याशिवाय रंगांच्या पायऱ्या ठरवता येत नाहीत.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. म्हणजे २०११ च्या जिल्हावार तक्त्यात तो असणारच नाही. तुमच्या नकाशाच्या सीमा आजच्या आणि आकडे जुन्या ठाण्याचे, म्हणून तिथे भोक पडलंय. यावर बहुतेक जण एक सोपी युक्ती करतात: जुन्या ठाण्याची घनता, म्हणजे दर चौरस किलोमीटरला १,१५७, दोन्ही जिल्ह्यांना देऊन टाकतात. नकाशा भरतो, पण दोन्ही जिल्ह्यांबद्दल खोटं सांगतो. १,१५७ ही सरासरी आहे, आणि या दोघांपैकी कोणाचीही घनता तेवढी नाही.

नीट करायचं तर तालुक्यांपासून सुरुवात करा. जुन्या ठाण्याचे पंधरा तालुके जनगणनेच्या तक्त्यात स्वतंत्र मिळतात. त्यातले वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ आता पालघरात आहेत. ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, भिवंडी, मुरबाड आणि शहापूर हे सात ठाण्यात राहिले. बेरीज केली की पालघरची लोकसंख्या २९,९०,११६ येते आणि ठाण्याची ८०,७०,०३२. या दोन आकड्यांची बेरीज जुन्या ठाण्याच्या १,१०,६०,१४८ शी तंतोतंत जुळायला हवी. जुळली नाही तर एखादा तालुका सुटलाय किंवा दोनदा धरलाय. क्षेत्रफळ अनुक्रमे ५,३४४ आणि ४,२१४ चौरस किलोमीटर. भागाकार केला की पालघर ५६०, ठाणे १,९१५. एका सरासरीखाली तिपटीहून जास्त फरक दडला होता.

(पालघरच्या आतही तीच गोष्ट आहे. जिल्ह्याची चाळीस टक्क्यांहून जास्त माणसं एकट्या वसई तालुक्यात राहतात आणि तिकडे मोखाड्याला डोंगर. पण एका स्लाइडवर किती खोल जायचं याला मर्यादा असते. जिल्ह्यावर थांबा.)

आता रंग. तुमचे सात आकडे चढत्या क्रमाने असे: सिंधुदुर्ग १६३, रत्नागिरी १९७, रायगड ३६८, पालघर ५६०, ठाणे १,९१५, मुंबई शहर १९,६५२, मुंबई उपनगर २०,९८०. एक्सेल सर्वांत लहान आकड्याला सर्वांत फिकट आणि सर्वांत मोठ्याला सर्वांत गडद रंग देतो आणि मधला रंग सरळ प्रमाणात वाटतो. या मापावर रायगड तळापासून जेमतेम एक टक्का वर येतं, ठाणं साडेआठ टक्क्यांच्या आत. म्हणजे मुंबईचे दोन जिल्हे सोडले तर उरलेल्या पाचही जिल्ह्यांना रंगपट्टीचा पहिला दहावा हिस्साच मिळतो. एवढ्याशा फरकात पाच छटा डोळ्याला वेगळ्या दिसणार नाहीत. निळ्याऐवजी लाल घेतलात तरी तेच होणार.

म्हणून सलग रंगपट्टी सोडा आणि गट करा. इथेही सॉफ्टवेअरवर सोपवून मोकळं होता येत नाही. समान अंतराचे चार गट केले तर प्रत्येक गट सुमारे ५,२०० चा होतो: पहिल्या गटात पाच जिल्हे, मधले दोन गट रिकामे, शेवटच्यात मुंबई. पुन्हा तोच नकाशा. प्रत्येक गटात साधारण सारखे जिल्हे घ्यायचे म्हटलं आणि तीन गट केले, तर पालघर, जे रायगडच्या जवळचं आहे, ते ठाण्याशेजारी जाऊन बसू शकतं. सातच जिल्हे आहेत. आकडे कागदावर ओळीने मांडा आणि मोठी दरी कुठे आहे ते डोळ्यांनी बघा. १९७ आणि ३६८ मध्ये एक, ५६० आणि १,९१५ मध्ये दुसरी, १,९१५ आणि १९,६५२ मध्ये तर खाडीच. म्हणून सीमा २००, १,००० आणि १०,००० वर. गट चार: सिंधुदुर्ग-रत्नागिरी, रायगड-पालघर, एकटं ठाणे, आणि मुंबईचे दोन जिल्हे. लक्षात ठेवायला सोपे आकडे आहेत, आणि सूची वाचताना कोणाला थांबावं लागत नाही.

रत्नागिरीचे १९७ हे २०० च्या अगदी कडेला आहेत, हे खरं. कोणी विचारलं तर उत्तर तयार ठेवा: सीमा थोडी वर नेली, ३०० केली, तरी नकाशा बदलत नाही. सीमा जरा हलवली आणि जिल्हे गट बदलायला लागले तर तो गट कच्चा समजावा. इथे तसं होत नाही.

एक्सेलच्या नकाशात गटवार रंग देण्याची थेट सोय नाही, पण रंगाच्या स्तंभात आकड्याऐवजी मजकूर दिला तर तो प्रत्येक मजकुराला वेगळा रंग देतो. घनता D स्तंभात आहे असं धरून:

```
=IF(D2<200,"२०० पेक्षा कमी",IF(D2<1000,"२०० ते ९९९",IF(D2<10000,"१,००० ते ९,९९९","१०,००० आणि वर")))
```

यानंतर तो आपल्या मनाने निळा, नारिंगी, करडा असे एकमेकांशी संबंध नसलेले रंग देईल. ते हाताने बदलून एकाच रंगाच्या फिकट ते गडद चार छटा करा. चढता क्रम दिसला पाहिजे.

जिल्ह्याच्या नावापुढे राज्य आणि देश असे दोन स्तंभ हवेतच. जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यात आपल्या रायगडचं स्पेलिंग `Raigarh` असं आहे आणि त्याच नावाचा जिल्हा छत्तीसगडमध्येही आहे. राज्य दिलं नाही तर अलिबागऐवजी थेट छत्तीसगड रंगलेलं दिसू शकतं, आणि नकाशा अचानक अर्ध्या देशाएवढा लांब झाला की ओळखा हेच झालंय. एवढं करूनही एक्सेलला एखादा जिल्हा ओळखता आला नाही तर त्याच्याशी झटू नका. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, जिल्ह्यांच्या सीमांची फाइल उघडा, तक्ता नावाने न जोडता जिल्ह्याच्या कोडने जोडा, आणि `Symbology` मध्ये `Graduated` निवडून वरच्या तीन सीमा हाताने टाका. नकाशा एसव्हीजी म्हणून बाहेर काढा. पॉवरपॉइंटमध्ये तो आणून `Convert to Shape` केलं की प्रत्येक जिल्हा सुटा आकार होतो आणि ऐनवेळी रंग तिथेच बदलता येतो. माझी पसंती याच रस्त्याला आहे. पहिल्यांदा एक दुपार जाते, नंतर दहा मिनिटांचं काम.

सर्वांत फिकट छटा पांढऱ्याच्या जवळ नेऊ नका. सभागृहातला प्रोजेक्टर फिकट रंग आणखी धुऊन टाकतो. अलिबागच्या एका बैठकीत दुसऱ्या कोणाच्या तरी अशाच स्लाइडवर सावंतवाडीचे एक गृहस्थ उठून म्हणाले होते, "साहेब, आमचं सिंधुदुर्ग पांढरं ठेवलंत, आमचे आकडे आले नव्हते काय?" त्यांचं बरोबर होतं. पांढरा म्हणजे माहिती नाही, असंच कोणीही वाचणार. शेजारचे पुणे, सातारा, कोल्हापूर आणि गोवा दाखवायचे असतील तर साध्या करड्या रंगात ठेवा आणि सूचीत घेऊ नका. आणि जिल्हे निळ्या छटांत असतील तर समुद्र निळा करू नका; किनारपट्टीच्या नकाशात हे हमखास होतं आणि अरबी समुद्र आठवा जिल्हा होऊन बसतो.

मांडणीत एक अडचण कोकणच्या आकाराची आहे. तलासरीपासून बांद्यापर्यंत सुमारे ५०० किलोमीटरची उभी पट्टी, आणि स्लाइड आडवी. नकाशा १६ सेंटिमीटर उंच केला तर १५७ चौरस किलोमीटरचा मुंबई शहर जिल्हा जेमतेम चार मिलिमीटरचा ठिपका होतो. सर्वांत गडद रंग ज्याला दिला तोच मागच्या रांगेतून दिसत नाही. म्हणून पट्टी डावीकडच्या तिसऱ्या हिश्शात ठेवा, आणि उजवीकडे मोकळ्या जागेत मुंबई, ठाणे आणि पालघरचा दक्षिण भाग एका चौकटीत मोठा करून दाखवा. खाली सूची. सातही जिल्ह्यांवर नाव आणि आकडा लिहा. सातच आहेत, गर्दी होत नाही.

साहेब म्हणतील, घनता कशाला, सरळ लोकसंख्याच रंगवा. तिथे मात्र नको म्हणा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून नकाशाची ४४ टक्के जागा घेतात आणि तिथे कोकणातली ९ टक्क्यांहून कमी माणसं राहतात. मुंबईचे दोन जिल्हे २ टक्के जागेत ४३.५ टक्के माणसं धरून आहेत. जागेला रंग देताना नुसती संख्या दिली की डोळा क्षेत्रफळ आणि संख्या यांची सरमिसळ करतो. एकूण संख्याच दाखवायची असेल तर आडव्या स्तंभांचा साधा आलेख काढा, किंवा नकाशावर लहानमोठी वर्तुळं ठेवा.

तळाला बारीक अक्षरात एक ओळ हवी: "जनगणना २०११, पालघर व ठाण्याचे आकडे २०१४ च्या सीमांनुसार तालुक्यांवरून काढले." ही नसेल तर कोणीतरी जनगणनेचा जिल्हावार तक्ता उघडून तुमचे दोन आकडे चूक ठरवील.

आणि पुढच्या वेळी दशकातली वाढ दाखवायची झाली तर हीच रंगपट्टी वापरू नका. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरीची लोकसंख्या ४.८ टक्के, सिंधुदुर्गाची २.२ टक्के आणि मुंबई शहराची ७.६ टक्के घटली, तर जुनं ठाणं ३६ टक्क्यांनी वाढलं. तिथे दोन रंग लागतात, मध्ये शून्य. एक्सेलमध्ये `Diverging (3-color)` निवडून मधला बिंदू `Number` आणि ० असा स्वतः द्यावा लागतो, नाहीतर तो आकड्यांच्या मधोमध कुठेतरी धरतो आणि वाढणारं मुंबई उपनगरही घटणाऱ्यांच्या रंगात दिसू शकतं. पालघर वेगळं दाखवायचं तर २००१ चेही तालुक्यांचे आकडे गोळा करा. ते नसतील तर ठाणे आणि पालघर मिळून एकच आकार ठेवा आणि तसं तळाशी लिहा.