हप्त्याचा तोंडी हिशेब: दर हजारी आकडा कसा वापरायचा

प्रश्न: कर्जाचा मासिक हप्ता कॅल्क्युलेटर न उघडता डोक्यातल्या डोक्यात काढता येतो का? काही जण "हजारी अमुक रुपये" असं पटकन सांगतात. ते कसं करतात?

हो, येतो. मोठ्या कर्जातही उत्तर शे-पन्नास रुपयांच्या आत बसतं. त्यासाठी पाठ करायला फार नाही, फक्त चार आकडे लागतात.

व्याजदर आणि मुदत ठरली की हप्ता मुद्दलाच्या थेट प्रमाणात असतो. मुद्दल दुप्पट तर हप्ता दुप्पट. म्हणून एक हजार रुपयांचा हप्ता माहीत असला की पुढे फक्त गुणाकार उरतो. दरसाल ९ टक्के दराने, घटत्या शिलकीवर, म्हणजे दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून, दर हजारी हप्ता असा येतो:

५ वर्षे: २०.७६ रुपये
१० वर्षे: १२.६७ रुपये
१५ वर्षे: १०.१४ रुपये
२० वर्षे: ९.०० रुपये

शेवटचा आकडा विसरणं कठीण आहे. नऊ टक्के, वीस वर्षं, हजारी नऊ, म्हणजे लाखाला नऊशे. (खरा आकडा ८.९९७ आहे, पण त्याने काही बिघडत नाही.) या मुदतीचं ३० लाखांचं कर्ज असेल तर हप्ता २७,००० रुपये. इथे हिशेब संपला.

दर नऊ टक्के नसेल तर? एका टक्क्याच्या फरकाने हजारी हप्ता किती हलतो तेही लक्षात ठेवायला सोपं आहे. ५ वर्षांना ५० पैसे, १० वर्षांना ५५, १५ वर्षांना ६० आणि २० वर्षांना ६५. दर पाच वर्षांमागे पाच पैसे वाढवत जायचं. म्हणजे २० वर्षांसाठी १० टक्क्यांना ९.६५ आणि ८ टक्क्यांना ८.३५. खरे आकडे ९.६५ आणि ८.३६ आहेत. अर्ध्या टक्क्याला अर्धे पैसे, पाव टक्क्याला पाव.

ही जुळणी नऊच्या दोन टक्के अलीकडे-पलीकडे, म्हणजे ७ ते ११ पर्यंत, बिनधास्त वापरावी. त्यापलीकडे गेलात की अंदाज खऱ्यापेक्षा कमी पडायला लागतो, कारण दराबरोबर हप्ता सरळ रेषेत वाढत नाही, त्याला किंचित बाक आहे. २० वर्षं आणि १२ टक्क्यांना या पद्धतीने १०.९५ येतात, खरे ११.०१ असतात. गंमत म्हणजे खालच्या बाजूलाही अंदाज कमीच पडतो: ६ टक्क्यांना ७.०५ येतात, खरे ७.१६. ज्यांचा संबंध जास्त दराच्या छोट्या कर्जांशी येतो त्यांनी १२ टक्क्यांचे दोन आकडे वेगळे पाठ करावेत: ३ वर्षांना ३३.२१ आणि ५ वर्षांना २२.२४.

खरी अडचण येते ती अधल्यामधल्या मुदतीला. समजा कर्ज १८ वर्षांचं आहे. बहुतेक जण काय करतात, तर १५ चे १०.१४ आणि २० चे ९.०० घेतात आणि मधलं अंतर सरळ वाटून टाकतात. वीसपासून दोन वर्षं अलीकडे, म्हणून १.१४ चे दोन पंचमांश नऊमध्ये मिळवले की ९.४६. खरा आकडा ९.३६ आहे. हजारी जवळजवळ दहा पैशांची चूक, आणि ती नेहमी एकाच बाजूला, जास्तीकडे. चाळीस लाखांच्या कर्जात हीच चूक चारशे रुपयांच्या घरात जाते.

ही चूक का होते हे कळलं की ती टाळताही येते. हजारी हप्त्याचे मनात दोन तुकडे करा. पहिला तुकडा निव्वळ मुद्दल परत करण्याचा: हजार भागिले एकूण महिने. वर्षांत हिशेब करायचा तर ८३.३३ भागिले वर्षं. उरलेला तुकडा व्याजाचा. १५ वर्षांना मुद्दलाचा तुकडा ५.५६, म्हणून व्याजाचा ४.५८. २० वर्षांना मुद्दलाचा ४.१७ आणि व्याजाचा ४.८३. मुदत वाढते तसा मुद्दलाचा तुकडा आधी झपाट्याने घसरतो आणि मग हळू. सगळा बाक इथे आहे. व्याजाचा तुकडा मात्र संथपणे, जवळजवळ सरळ रेषेत चढतो, पाच वर्षांमागे साधारण पाव रुपया. त्यामुळे सरळ वाटणी फक्त व्याजाच्या तुकड्याची करायची. मुद्दलाचा तुकडा भागाकाराने नेमका मिळतोच, त्यात अंदाज कशाला?

आता एक पूर्ण उदाहरण करून बघू. कर्ज ३७,५०,००० रुपये, दर ८.६५ टक्के, मुदत १८ वर्षे.

मुद्दलाचा तुकडा: ८३.३३ भागिले १८, म्हणजे ४.६३. व्याजाचा तुकडा १५ वर्षांच्या ४.५८ वरून २० च्या ४.८३ पर्यंत पाव रुपया चढतो. आपण पाचातली तीन वर्षं पुढे आलो, म्हणजे १५ पैसे, म्हणून ४.७३. दोन्ही मिळून नऊ टक्क्यांना ९.३६. दर नऊपेक्षा ०.३५ ने कमी आहे. १८ वर्षांना एका टक्क्याला ६० आणि ६५ च्या मधले, साधारण ६३ पैसे धरले तर ०.३५ ला २२ पैसे. ते वजा केले की हजारी ९.१४ उरतात.

आता गुणाकार. साडेसदतीस लाखांत ३,७५० हजार आहेत. नऊ गुणिले ३,७५० म्हणजे ३३,७५०. वरचे १४ पैसे गुणिले ३,७५० म्हणजे ५२५. एकूण ३४,२७५ रुपये. पूर्ण सूत्राने हप्ता ३४,३०१ येतो. म्हणजे चौतीस हजारांत पंचवीस-तीस रुपयांचा फरक. गुणाकार असाच दोन भागांत करावा, आधी पूर्ण रुपये आणि मग पैसे. ९.१४ गुणिले ३,७५० एका दमात करायला गेलं की शून्य हरवतं.

चूक किती महागात पडेल हेही याच आकड्यावरून कळतं. या कर्जात हजारी एक पैसा म्हणजे हप्त्यात साडेसदतीस रुपये. तुमचा हजारी आकडा दोन-तीन पैशांनी इकडेतिकडे असेल तर हप्ता शंभराच्या आसपास हलेल.

आकडा साफ चुकला असेल तर तो ओळखायला दोन मर्यादा तपासतो. हजारी हप्ता महिन्याच्या व्याजापेक्षा मोठाच असला पाहिजे, नाहीतर मुद्दल कधी फिटणारच नाही. ८.६५ टक्क्यांना हजारावर महिन्याचं व्याज ७.२१ रुपये. आणि तो मुद्दलाच्या तुकड्यापेक्षाही, म्हणजे इथे ४.६३ पेक्षा, मोठा हवा. शिवाय या दोन्हींच्या बेरजेपेक्षा, ११.८४ पेक्षा, तो कमी हवा, कारण शिल्लक घटत जाते आणि पूर्ण मुद्दलावर शेवटपर्यंत व्याज लागत नाही. ९.१४ या कुंपणात बसतो. महिने आणि वर्षं यांची गल्लत झाली असेल तर आकडा हमखास कुंपणाबाहेर पडतो.

या कुंपणामुळे आणखी एक गोष्ट दिसते. नऊ टक्क्यांना महिन्याचं व्याज हजारी ७.५० आहे, त्याच्या खाली हप्ता कधीच जाणार नाही, मुदत कितीही ताणा. २० वर्षांना ९.००, तर ३० वर्षांना ८.०५. दहा वर्षं जास्त भरून हप्ता घटला फक्त ९५ पैसे. एकूण भरणा मात्र हजारामागे २,१६० वरून २,९०० च्या जवळ जातो. "मुदत वाढवून हप्ता हलका करू" असं कोणी म्हणालं की मी आधी हा हिशेब समोर ठेवतो.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे सरसकट व्याज, म्हणजेच फ्लॅट दर. वरचे सगळे आकडे घटत्या शिलकीचे आहेत. फ्लॅटमध्ये मूळ रकमेवर पूर्ण मुदतीचं व्याज आधीच जोडून मग समान भाग पाडतात. ९ टक्के फ्लॅट, ५ वर्षे: हजारावर ४५० व्याज, एकूण १,४५० भागिले ६०, हजारी २४.१७. घटत्या शिलकीचा आकडा २०.७६ होता. दोन्हीकडे "नऊ टक्के" लिहिलेलं असतं, पण हप्त्यात हजारी ३.४१ चा फरक आहे.

याच आकड्यावरून खरा दरही उलटा काढता येतो. १२ टक्क्यांना ५ वर्षांचे २२.२४ आहेत. २४.१७ त्यापेक्षा १.९३ ने जास्त. या उंचीवर एका टक्क्याला साधारण ५२ पैसे धरावे लागतात, म्हणजे पावणेचार टक्के वर. खरा दर पावणेसोळाच्या आसपास आहे. म्हणून कोणी फक्त दर सांगितला तर हजारी हप्ता विचारा, किंवा हप्ता आणि रक्कम विचारून भागाकार तुम्हीच करा. भागाकार करताना रक्कम हातात पडलेलीच धरा. शुल्क किंवा विम्याचा हप्ता कर्जात मिसळलेला असेल तर हप्ता त्या वाढीव मुद्दलावर लागतो, आणि तुमच्या हजारी आकड्यात तीच रक्कम वर आलेली दिसते.

उलट्या दिशेने, म्हणजे झेपणाऱ्या हप्त्यावरून कर्जाची रक्कम काढायला, भागाकार पुरे. महिन्याला २५,००० झेपत असतील तर ९ टक्के आणि २० वर्षांना २५,००० भागिले ९, म्हणजे २,७७८ हजार, पावणेअठ्ठावीस लाख. याच दराने १५ वर्षांत फेडायचं असेल तर १०.१४ ने भागा, साडेचोवीस लाखांच्या थोडं वर येईल.

करारावर सही करताना मात्र छापील हप्ताच प्रमाण. तो सहसा पूर्ण रुपयात केलेला असतो, आणि कर्ज महिन्याच्या मध्येच मिळालं असेल तर पहिल्या काही दिवसांचं व्याज वेगळं लागू शकतं. तुमचा तोंडी आकडा आणि छापील आकडा यांत हजारी पाच पैशांपेक्षा जास्त फरक दिसला तर दर, मुदत आणि मुद्दल याच क्रमाने पुन्हा विचारा.