बाटलीवर ‘कायदेशीर’ लिहिलंय, पण कुठल्या देशात?

प्रश्न: आईचे गुडघे फार दुखतात. भावाने अमेरिकेहून येताना सीबीडी तेलाची ३० मिलीची बाटली आणली. तिच्यावर ‘टीएचसी ०.३ टक्क्यांपेक्षा कमी, कायदेशीर’ असं छापलंय. शेजारी म्हणतात, हा गांजाच आहे. मी अडकेन का? आपल्याकडे ऑनलाइन मिळतं ते घेतलं तर चालेल? – एक वाचक, अमळनेर

उत्तर: ताई, सीबीडी आणि टीएचसी हे दोन्ही गांजाच्या झाडातले घटक. सीबीडीने नशा चढत नाही; नशा आणतं ते टीएचसी. अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याच्या (१९८५) यादीत टीएचसीचं नाव आहे, सीबीडीचं नाही. शेजाऱ्यांचं म्हणणं तेवढ्यापुरतं चुकतं. पण हा कायदा झाडाचा भाग बघतो. फुला-फळांचे शेंडे म्हणजे गांजा, त्यांची राळ म्हणजे चरस, आणि त्यांची मिश्रणंही त्यातच. शेंड्यांपासून वेगळी असलेली पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. अमेरिकेतलं सीबीडी तेल मात्र बहुतेक वेळा शेंड्यांतूनच काढलेलं असतं.

०.३ टक्क्यांची मर्यादा तिथल्या २०१८च्या शेती कायद्यातली आहे. आपल्या एनडीपीएसमध्ये बाहेरून आणलेल्या तेलाला अशी सूट नाही. तुमच्या बाटलीत फार तर ८०-८५ मिलिग्रॅम टीएचसी असेल, पण हीरासिंग खटल्यात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने मिश्रणाचं सगळं वजन धरायला सांगितलंय. म्हणजे मोजले जातील अंदाजे २८ ग्रॅम. ते चरस ठरवलं, तरी १०० ग्रॅमच्या आत असल्याने ‘अल्प प्रमाण’: वर्षभरापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षा मोठी नाही, पण शिरपूर-चोपड्याकडे गांजाच्या शेतीवर छापे पडत असताना पोलिसांना टक्केवारी समजावत बसायची वेळ आईवर येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

इथल्या मालात दोन जाती आहेत आणि जाहिराती त्यांची सरमिसळ करतात. हेम्प सीड ऑइल हे याच झाडाच्या बियांचं खाद्यतेल; २०२१ला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याला परवानगी दिली. त्यात सीबीडी जवळजवळ नसतं, म्हणून दुखण्यासाठी ते घेणं म्हणजे पैसे पाण्यात. दुसरं, आयुर्वेदिक परवान्यावर बनलेलं ‘विजया’, म्हणजे भांगेच्या पानांचं औषध. त्याच्या लेबलवर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांत कुठला भाग वापरला ते आणि ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ ही सूचना बघा. यातलं काही नसेल, नुसतंच ‘१०० टक्के कायदेशीर’ असेल, तर ते परत करा. पानांवरही राज्याचा दारूबंदी कायदा (१९४९) लागू होतो, तेव्हा वैद्यांची चिठ्ठी आणि बिल औषधासोबतच ठेवा.

भावाला सांगा, पुढची बाटली आणू नकोस. आयात हा वेगळा गुन्हा आहे. असलेली बाटली आईला देऊ नका, कुणाला वापरायला देऊ नका, कुरिअरने तर अजिबात पाठवू नका. बाटलीचं पुढे काय करायचं ते अमळनेरातल्याच फौजदारी वकिलाला लेबल दाखवून ठरवा. आई रक्त पातळ करायची गोळी घेत असतील, तर विजया सुरू करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, कारण सीबीडीने वॉरफॅरिनसारख्या गोळ्यांचा परिणाम वाढतो.