कॅशलेस नाकारलं? आधी ‘किती दिवसांपासून’ हा रकाना बघा

प्रश्न: बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन पुढच्या मंगळवारी ठरलंय, इंदूरलाच. पॉलिसीला २६ महिने झाले. विमा कंपनीच्या वतीनं क्लेम बघणाऱ्या टीपीएनं ‘आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा’ म्हणून कॅशलेस नाकारलं. हॉस्पिटलचा डेस्क म्हणतो, अपील पाठवलंय, वाट बघा. अजून काय करता येईल?

दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि ऑक्टोबर २०२४ मधले ते तीन दिवस जसेच्या तसे डोळ्यांपुढे आले. सासूबाईंचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन होतं, हॉस्पिटल इंदूरचंच, आणि पत्रात कारणही हेच. मी वकील नाही, डॉक्टर नाही, विमा एजंटही नाही. आमच्या एका केसवरून सांगतेय, तेव्हा तुमच्या पॉलिसीची कलमं स्वतः वाचून मगच काय ते ठरवा.

वाट बघू नका. डेस्कनं ‘अपील’ म्हणून नेमकं काय पाठवलं ते आजच मागून घ्या. आमच्या डेस्कनं पाठवलेली ईमेल मी दुसऱ्या दिवशी पाहिली. तीन ओळी होत्या: पेशंट गरजू आहे, ऑपरेशन आवश्यक आहे, कृपया फेरविचार करावा. ऑपरेशनची गरज नाही असं टीपीएनं म्हटलंच नव्हतं. त्यांचा मुद्दा आजार कधीपासूनचा हा होता, आणि त्याबद्दल त्या ईमेलमध्ये अवाक्षर नव्हतं. अर्ध्या तासात पुन्हा नकार आला.

आता मूळ घोटाळा सांगते, कारण तुमच्याकडेही बहुधा तोच असणार. कॅशलेसच्या फॉर्मचा एक भाग उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी भरायचा असतो. त्यात ‘सध्याचा आजार किती दिवसांपासून’ असा रकाना आहे आणि शेजारीच ‘पहिल्यांदा कधी दाखवलं’ ती तारीख. प्रत्यक्षात हा भाग डेस्कवरचा मुलगा भरतो आणि सर्जन दोन ऑपरेशनांच्या मधे सही करून मोकळे होतात. आमच्या वेळी काउंटरच्या काचेआडून त्यानं विचारलं, “माताजी, तकलीफ कब से है?” सासूबाई सरळ मनानं म्हणाल्या, “गैस की तकलीफ तो चार साल से है बेटा.” त्यानं लिहिलं: ४ वर्षं. निदानाच्या रकान्यात पित्ताशयातले खडे. दोन्ही एकत्र वाचलं की अर्थ होतो, खडे चार वर्षांपासून आहेत. मी शेजारी उभी होते. ऐकलं, पण त्या उत्तराचं काय होणार आहे हे कळलं नाही.

पॉलिसी मार्च २०२२ ची. पॉलिसी घेतल्यापासून काही आजारांचा खर्च ठरावीक महिने मिळत नाही; खड्यांसाठी ठरलेली ती २४ महिन्यांची प्रतीक्षा संपली होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण आधीपासूनच्या आजारांसाठी आमच्या पॉलिसीत ३६ महिने होते, आणि आजार दोन्हींत बसत असेल तर जी मुदत मोठी ती लागते. चार वर्षं म्हणजे २०२०, म्हणजे पॉलिसीच्या आधी. टीपीएच्या डॉक्टरनं फॉर्मवरून तेवढाच हिशोब केला. तुमच्याकडेही २६ महिने झालेत म्हणजे हर्नियाची वेगळी मुदत बहुधा संपली असेल, पण काही पॉलिसींत तीसुद्धा ३६ महिन्यांची असते. आधी ते कलम बघा. तिथेच अडकत असेल, तर पुढचं काही उपयोगाचं नाही.

आमची सर्वांत महागात पडलेली चूक यानंतरची, आणि तिच्यात माझाही हात आहे. दुसऱ्या नकारानंतर डेस्कचा मुलगा म्हणाला, “मॅडम, नया फॉर्म डाल देते हैं.” मी हो म्हटलं. नव्या फॉर्मवर ४ वर्षांऐवजी ४ महिने लिहिलं, सर्जनची पुन्हा सही घेतली आणि नवी विनंती म्हणून पाठवलं. टीपीएकडे आता एकाच पेशंटचे, एकाच सर्जनच्या सहीचे, दोन दिवसांच्या अंतरानं आलेले दोन फॉर्म झाले आणि आकडे वेगळे. उत्तर आलं: माहितीत तफावत, मागच्या सगळ्या उपचारांचे कागद द्या, प्रकरण तपासणीकडे पाठवत आहोत. तोपर्यंत फक्त गैरसमज होता, या फॉर्मनं आम्ही त्याचा संशय करून घेतला. आमच्या बाजूनं खरं असलेलं सगळं त्यानंतर ‘मागाहून सुचलेलं’ ठरू लागलं. म्हणून हात जोडून सांगते, आकडा बदललेला फॉर्म जाऊ देऊ नका. खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही, नवी विनंतीही नाही. पहिला फॉर्म आहे तसा राहू द्यावा, आणि त्यात असं का लिहिलं गेलं याचा खुलासा त्याच क्लेम नंबरवर जोडावा.

तो खुलासा सर्जनचाच हवा. डेस्कच्या पत्राला काही वजन नसतं. हॉस्पिटलच्या लेटरहेडवर, सर्जनची सही, नोंदणी क्रमांक आणि तारीख. त्यात काय असावं ते आमच्या सर्जननी शेवटी जे लिहून दिलं त्यावरून सांगते. फॉर्ममधली चार वर्षं ही पेशंटनं सांगितलेल्या आम्लपित्ताच्या त्रासाची आहेत, खड्यांची नाहीत. खडे पहिल्यांदा ऑगस्ट २०२४ च्या सोनोग्राफीत दिसले. त्याआधी खड्यांचं निदान किंवा उपचार झाल्याचा एकही कागद तपासताना आढळला नाही. सोबत त्या सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि ती करायला सांगणारी ओपीडीची चिठ्ठी. चिठ्ठीचं महत्त्व मला उशिरा कळलं. रिपोर्टवर फक्त तारीख असते, पण चिठ्ठीवर डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत लिहिलेली तक्रार असते: ‘उजवीकडे बरगडीखाली दुखणं, ३ आठवडे’. क्लेमचा विषयही निघाला नव्हता तेव्हाची ती नोंद, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो.

मग पत्राच्या शेवटी पॉलिसीतली ‘आधीपासूनचा आजार’ ही व्याख्या कलम क्रमांकासह उतरवा. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यासाठी डॉक्टरांचा सल्ला वा उपचार सुचवला गेला किंवा घेतला गेला, असा आजार, अशी ती व्याख्या असते. जुन्या पॉलिसीत मुदत वेगळी असू शकते, तुमची बघून घ्या. सगळा भर डॉक्टरांवर आहे. बाबांना तीन वर्षांपूर्वी जांघेत फुगवटा जाणवला असेल पण ते कुणाकडे गेलेच नसतील, तर या व्याख्येत ते सहज बसत नाही.

पण इथे एक खाच आहे, ती लपवणार नाही. पॉलिसी घेताना भरलेल्या प्रपोझल फॉर्ममध्ये ‘कुठे गाठ, सूज आहे का’ असा प्रश्न असेल आणि बाबांनी माहीत असून ‘नाही’ लिहिलं असेल, तर माहिती न दिल्याचा मुद्दा वेगळा उभा राहतो. पॉलिसीबरोबर आलेली प्रपोझल फॉर्मची प्रत काढून बघा. आणि पॉलिसीआधी एखाद्या डॉक्टरनं खरंच हर्निया सांगितला असेल, तर सर्जनला वेगळं काही लिहायला सांगू नका. जुनी चिठ्ठी कुठून ना कुठून बाहेर येते, आणि मग एका ऑपरेशनचा प्रश्न राहत नाही, पॉलिसीच जाते.

आमचं पुढे काय झालं? सर्जनच्या पत्रानंतरही कॅशलेस मिळालं नाही, कारण तपासणी सुरू झाली होती. तेवढ्यात सासूबाईंना रात्री पुन्हा जोराची कळ आली, तेव्हा वाट बघणं सोडलं. ६८,४०० रुपये भरले, ऑपरेशन झालं आणि मग परतफेडीचा क्लेम टाकला. कॅशलेस नाकारणं म्हणजे क्लेम नाकारणं नव्हे, हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तीन दिवसांची घालमेल वाचली असती. तेच पत्र, तीच चिठ्ठी, तोच रिपोर्ट, पण या वेळी फाइल विमा कंपनीच्या माणसांनी वाचली. सात आठवड्यांनी ६३,१५० रुपये खात्यात आले. ग्लोव्हज वगैरे न मिळणाऱ्या वस्तूंचे बाकीचे कापले. तुमचं तसंच होईल असं म्हणत नाही.

डिस्चार्जच्या वेळी आणखी एक जपा. समरीचा मसुदा टाइप झाला की सही होण्याआधी त्यातला ‘हिस्ट्री’चा परिच्छेद वाचा. फॉर्ममधले शब्द तिथे सर्रास उचललेले असतात. आमच्या मसुद्यात ‘४ वर्षांपासून खडे’ पुन्हा आलं होतं. वॉर्डमधल्या डॉक्टरांना ओपीडीची चिठ्ठी दाखवून तिथल्या तिथे बरोबर करून घेतलं. ते तसंच गेलं असतं, तर परतफेडही अडकली असती.

नियमांचं थोडक्यात. विमा क्षेत्राची नियामक संस्था आयआरडीएआय हिच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय द्यायचा असतो. व्यवहारात ‘क्वेरी’ काढली की तास लांबतो, म्हणून कागद एकदाच आणि पूर्ण पाठवा. क्लेम नाकारताना पॉलिसीतलं नेमकं कलम सांगावं लागतं, आणि विमा कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही. म्हणून खुलासा टीपीएला जाईल तेव्हाच विमा कंपनीच्या तक्रार कक्षालाही त्याच ईमेलमध्ये ठेवा. हॉस्पिटलचा डेस्क हे करणार नाही, पॉलिसीधारक म्हणून तुम्हीच करा. आमचा डेस्क ‘हमारा काम टीपीए तक’ म्हणून मोकळा झाला होता, आणि त्याचा राग मला अजून आहे. पेशंट त्यांचा, फॉर्म त्यांनी भरला, चूक त्यांच्या पेनातून उतरली, आणि धावपळ मात्र पोटाला गरम पाण्याची पिशवी लावून बसलेल्या बाईच्या घरच्यांनी करायची. कंपनीनंही दाद दिली नाही तर तक्रारीसाठी बीमा भरोसा पोर्टल आहे, आणि मग भोपाळचं विमा लोकपाल कार्यालय, तिथे फी लागत नाही. पण ते महिन्यांचं काम, मंगळवारच्या आत होणारं नाही.

तुमच्याकडे दिवस थोडे आहेत, तर उद्या सकाळी डेस्कवर जाण्याआधी सर्जनची ओपीडी गाठा. बरोबर पहिल्या फॉर्मची प्रत, नकाराचं पत्र आणि बाबांची सगळ्यांत पहिली चिठ्ठी असू द्या. फॉर्मची प्रत डेस्क देत नसेल तर निदान मोबाईलवर फोटो मागा, आमचं तेवढ्यावर भागलं. त्या रकान्यात काय लिहिलंय आणि चिठ्ठीवर कोणती तारीख आहे ते इथे टाका, मी रात्री बघेन.