चौपाई पुढे सरकली पाहिजे

सप्रेम नमस्कार,

पुंडलिकाच्या कथेच्या तुझ्या बारा चौपाया वाचल्या. यमकं नीट जुळली आहेत, पण पाच चौपाया देवाच्या रूपाचं वर्णन करण्यातच गेल्या आणि पुंडलिक तिथेच बसून राहिला. शिवाय ‘आला दारी चक्रपाणी’ ही ओळ मोठ्याने म्हटलीस की अडखळते. तिच्यात पंधराच मात्रा आहेत, चौपाईच्या चरणाला सोळा लागतात. ‘चक्रपाणि तो’ केलंस तर हिशेब जुळेल, पण त्या ‘तो’ला काहीच काम नाही. असे भरतीचे शब्द दीर्घ काव्यात फार लवकर उघडे पडतात.

मी तोच प्रसंग असा बांधून पाहिला:

बाप झोपला, माय जागते,
ठणकत गुडघा हात मागते.
दारी कोणी हाक घालते,
देव्हाऱ्यातिल ज्योत हालते.

मान न वळता वीट फेकली,
जोड पाउले वरी टेकली.

प्रत्येक चरण आठ-आठ मात्रांत दुभंगतो. आपल्या पादाकुलक वृत्ताची हीच चाल आहे, त्यामुळे मराठी कानाला ती परकी वाटत नाही. यमक दोन-दोन चरणांचं आहे. ‘जागते’ला ‘मागते’ जुळतं, कारण शेवटच्या ‘ते’बरोबर आधीचा ‘आग’सुद्धा जुळतो. नुसत्या ‘ते’वर भागवलं असतं, तर पन्नास चौपायांनंतर ऐकणारा कंटाळला असता.

आता कथा बघ. पहिल्या अर्धालीत, म्हणजे पहिल्या दोन चरणांत, घर आणि दुखणं येतं. दुसरीत हाक येते. तिसरीत वीट जाते आणि देव उभा राहतो. प्रत्येक अर्धालीनंतर काहीतरी बदललेलं आहे. तुझ्या बारा चौपायांपुढे समासात एकेक साधं गद्य वाक्य लिही. लागोपाठची दोन वाक्यं एकच सांगत असतील, तर त्यातली एक चौपाई काढ, मग ती कितीही गोड असो. वर्णन हवंच असेल तर ते घटनेच्या पोटात घाल. इथे ज्योत हालली एवढंच देवाच्या येण्याला पुरतं.

चरणाच्या शेवटी ‘देव’, ‘नाम’, ‘द्वार’ असे शब्द तुझ्याकडे वारंवार येतात. तिथे गुरूनंतर लघू, म्हणजे दोन मात्रांच्या अक्षरानंतर एका मात्रेचं अक्षर, आला की चौपाईचा चरण लंगडतो. शास्त्रात ते वर्ज्य आहे, आणि टाळ धरून म्हटलंस तर तुलाही ते जाणवेल.

पण ते शब्द टाकून देऊ नकोस. ‘रामचरितमानसा’त साधारण आठ अर्धाल्यांनंतर दोहा येतो, हा आकडा कमी-जास्तही होतो. दोह्याची ओळ तेरा आणि अकरा मात्रांची असते आणि तिचा शेवट गुरू-लघूनेच होतो. त्या वेगळ्या शेवटामुळे ऐकणाऱ्याला कळतं की प्रसंग संपला. तुझा ‘देव’ तिथे बसव: विटेवर पाय टेकले, की लगेच.