पाणी भरल्यामुळे शाळेत उशीर झाला, तर मुख्याध्यापकांना पत्र कसं लिहावं?

*काल ठाण्यात वंदना चित्रपटगृहाजवळ पाणी तुंबलं आणि मुलगा दोन तास उशिरा पोहोचला. गणिताची चाचणीही बुडाली. मुख्याध्यापकांना पत्रात काय लिहू?*

ठाण्यातल्याच एका शाळेत मी वर्गशिक्षिका आहे. पावसाळ्यात अशी पत्रं मुख्याध्यापिका बाईंकडून माझ्याकडेच शेरा मारून येतात. बहुतेकांत 'मुसळधार पावसामुळे उशीर झाला' एवढंच असतं. पाऊस तर सगळ्यांनाच लागलेला असतो! मूल घरून कधी निघालं, कुठे अडकलं, केव्हा पोहोचलं आणि तुम्हाला आमच्याकडून नेमकं काय हवंय, हे कळलं की आम्हाला लगेच निर्णय घेता येतो. मी असं लिहीन:

प्रति,
मा. मुख्याध्यापिका, (शाळेचे नाव), ठाणे

विषय : पाणी साचल्यामुळे झालेला उशीर व बुडालेली चाचणी

महोदया,
माझा मुलगा (नाव), इयत्ता आठवी 'ब', काल दि. ____ रोजी कळव्याहून नेहमीप्रमाणे सकाळी ६.२५ ला व्हॅनने निघाला. वंदना चित्रपटगृहाजवळ रस्त्यावर गुडघाभर पाणी असल्याने व्हॅन पुढे जाऊ शकली नाही. पाण्याखाली गटाराची झाकणे दिसत नसल्यामुळे मुलांना उतरवून चालत नेणे धोक्याचे होते. पाणी ओसरल्यावर तो ९.१० वाजता शाळेत पोहोचला. त्यामुळे पहिल्या दोन तासांतील गणिताची घटक चाचणी त्याला देता आली नाही. कृपया त्याची कालची हजेरी ग्राह्य धरावी व चाचणी पुन्हा देण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
(पालकाची सही, नाव, मोबाइल क्रमांक)

वेळा तुमच्या खऱ्या टाका, अंदाजाने वाढवू नका. त्याच व्हॅनमधल्या इतर मुलांची पत्रंही आमच्यापुढे असतात आणि वेळा जुळल्या नाहीत की शंका येते.

'पुन्हा असे होणार नाही' हे वाक्य मात्र लिहू नका. जोराचा पाऊस आणि समुद्राची मोठी भरती एकाच वेळी आली की नाल्यांचं पाणी खाडीत उतरत नाही, उलट तुंबतं. त्याची हमी कोणती आई देणार? त्याऐवजी, खरंच करणार असाल तर, 'मोठ्या भरतीच्या दिवशी आम्ही अर्धा तास लवकर निघू' असं लिहा. असं वाक्य वाचलं की मला बरं वाटतं, कारण त्यात काहीतरी ठरवलेलं असतं.

पत्र आजच द्या. चाचणीचे गुण नोंदवून झाले की पुन्हा परीक्षा घेणं अवघड होतं. दोन प्रती काढा, एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर आवक शिक्का मारून घ्या. मुलाला सांगा, गणिताच्या सरांना स्वतः भेट, कारण मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली तरी चाचणी कधी घ्यायची ते सरच ठरवतील.